एनव्हीएमई लावली तरी गेम तेवढ्याच वेळात लोड होतोय? आधी हे तपासा

तक्रार नेहमीची आहे. जुन्या साटा एसएसडीच्या जागी नवी एनव्हीएमई बसवली, खोक्यावर ‘३५०० एमबी प्रति सेकंद’ किंवा ‘७००० एमबी प्रति सेकंद’ असं छापलेलं, आणि गेमची लोडिंग स्क्रीन मात्र आधी ३१ सेकंद दिसायची ती आता २७ सेकंद दिसते. मग ड्राइव्ह खराब निघाली, स्लॉट चुकला की विंडोज नव्याने टाकायला हवं, अशा शंका सुरू होतात. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. गेम ड्राइव्हसाठी थांबलेलाच नसतो, तो दुसऱ्याच कशासाठी तरी थांबलेला असतो. तो नेमका कशासाठी थांबलाय हे घरच्या घरी, एक रुपया खर्च न करता शोधता येतं. ही चाचणी नवी ड्राइव्ह घेण्याआधी केली तर फारच उत्तम.

रॅमची चाचणी

विंडोज एखादी फाइल डिस्कवरून वाचते तेव्हा तिची प्रत मोकळ्या रॅममध्ये ठेवून देते. तीच फाइल थोड्या वेळाने पुन्हा लागली तर डिस्कला हात न लावता रॅममधून देते. म्हणजे गेम एकदा लोड करून पूर्ण बंद केला आणि लगेच पुन्हा सुरू केला, तर दुसऱ्या वेळी तो बाजारातल्या कुठल्याही एनव्हीएमईपेक्षा वेगवान ‘डिस्क’वरून लोड होत असतो. त्या दुसऱ्या वेळेला जेवढे सेकंद लागतील, त्याच्या खाली कोणतीही ड्राइव्ह तुम्हाला नेऊ शकत नाही.

चाचणी अशी करायची. गेम अपडेट झाला असेल किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला असेल तर आधी एकदा गेम सुरू करून दहा-पंधरा मिनिटं खेळा, म्हणजे शेडर तयार होण्याचं काम उरकून जाईल. मग संगणक ‘Restart’ करा. ‘Shut down’ करून परत चालू करू नका, कारण फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही. डेस्कटॉप आल्यावर पाचेक मिनिटं थांबा आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कची हालचाल शांत झाल्याची खात्री करा. आता गेम उघडा, एक ठरावीक सेव्ह निवडा, आणि ‘Load’ दाबल्यापासून पात्र हलवता येईपर्यंतचा वेळ फोनच्या स्टॉपवॉचवर मोजा. ही थंड वेळ. गेम पूर्ण बंद करा, मुख्य मेनूवर जाऊन थांबू नका. लगेच पुन्हा उघडून तीच सेव्ह लोड करा. ही गरम वेळ. हे सगळं तीनदा करा, दर वेळी आधी रिस्टार्ट करून, आणि मधला आकडा धरा. एकाच मोजणीवर विसंबू नये, मागे एखादं अपडेट चालू असलं तरी चार-पाच सेकंद इकडचे तिकडे होतात.

समजा साटा एसएसडीवर थंड वेळ ३१ सेकंद आली आणि गरम वेळ २६. याचा अर्थ त्या लोडिंगमध्ये डिस्कच्या नावावर फक्त ५ सेकंद आहेत. एनव्हीएमईने त्यातले तीन-चार वाचतील आणि वेळ २७-२८ वर येईल. सात हजारवाली घेतली तरी २६ च्या खाली जाणार नाही. उलट थंड ४० आणि गरम १८ आली, तर डिस्क खरोखरच अडवते आहे आणि तिथे वेगवान ड्राइव्हचा पैसा वसूल होईल.

ही चाचणी दोन ठिकाणी फसते, त्यामुळे गरम लोडच्या वेळी टास्क मॅनेजरमधला त्या डिस्कचा ‘Read speed’ बघत राहा. तो जवळजवळ शून्य राहिला पाहिजे. रॅम ८ जीबी असेल आणि गेमच सहा जीबी खात असेल, तर फाइलींच्या प्रतींना जागाच उरत नाही, आणि दुसऱ्या वेळीही वाचन डिस्कवरूनच होतं. शिवाय काही नवे गेम विंडोजचा हा साठा वगळून थेट डिस्कवरून वाचतात. या दोन्ही प्रकारांत गरम लोडच्या वेळीही ‘Read speed’ वर चढलेला दिसेल. तसं दिसलं तर गरम वेळेवरून निष्कर्ष काढू नका.

दोन्ही ड्राइव्ह हाताशी असतील तर थेट तुलनाही सोपी आहे. स्टीममध्ये गेमच्या ‘Properties’ मधील ‘Installed Files’ मध्ये जाऊन ‘Move install folder’ वापरलं की तोच गेम दुसऱ्या ड्राइव्हवर जातो. हलवून झाल्यावर मात्र रिस्टार्ट केल्याशिवाय मोजू नका. नुकत्याच कॉपी केलेल्या फाइली अजून रॅममध्येच असतात, आणि मग जी ड्राइव्ह नंतर तपासली ती उगाचच जिंकते.

सातपट वेग कुठे गेला?

साटाची तिसरी पिढी सेकंदाला ६ गिगाबिट नेते. संकेतनाचा खर्च वजा जाता ६०० एमबी उरतात आणि प्रत्यक्षात हाती येतात सुमारे ५५०. एनव्हीएमई पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेनवर चालते, त्यामुळे तिसऱ्या पिढीत ३५०० आणि चौथ्या पिढीत ७००० च्या आसपास पोहोचते. हे आकडे खरेच आहेत, पण ते मोठी फाइल सलग वाचण्याचे आहेत, आणि तेही एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत लावून. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला, शंभर जीबीची फाइल हलवणाऱ्याला ते रोज दिसतात.

बहुतेक जुन्या धाटणीचे गेम तसं वाचत नाहीत. ते एक तुकडा मागतात, तो येईपर्यंत थांबतात, उलगडतात, त्यात काय आहे ते पाहतात आणि मग पुढचा मागतात. क्रिस्टलडिस्कमार्क चालवून बघा. सगळ्यात वरच्या ‘SEQ1M Q8T1’ या ओळीत साटा आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई यांच्यात सहा-सात पटींचा फरक दिसेल. सगळ्यात खालच्या ‘RND4K Q1T1’ या ओळीत साटा साधारण ३० ते ४५ आणि एनव्हीएमई ५० ते ९० दाखवेल, म्हणजे जेमतेम दुप्पट. गेमचं वाचन या दोन ओळींच्या मध्ये कुठेतरी बसतं, आणि जितका गेम जुना तितकं ते खालच्या ओळीच्या जवळ. एनव्हीएमईची हजारो मागण्या एकाच वेळी पेलण्याची ताकद तिथे वापरलीच जात नाही, कारण मागणाराच एका वेळी एक-दोन मागतोय.

दुसरं असं की लोडिंग म्हणजे नुसतं वाचन नव्हे. डिस्कवरचा माल दाबून भरलेला असतो. तो उलगडायचं काम प्रोसेसरचं. मग त्यातून नकाशा, पात्रं, टक्कर ओळखण्याची भूमिती, स्क्रिप्ट हे सगळं रचायचं, आणि चित्रं ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायची. यातला बराच भाग अनेक गेममध्ये एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, चालतो. वरच्या उदाहरणातले २६ सेकंद इथे जातात. हार्ड डिस्कच्या काळात हे जाणवत नव्हतं, कारण तिथे प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी डोकं सरकायला दहाएक मिलिसेकंद जायचे आणि तोच खर्च सगळ्यांवर भारी पडायचा. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना हा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. एनव्हीएमईला कमी करायला फारसं काही उरलंच नाही.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे जीटीए ऑनलाइन. कित्येक वर्षं लोक त्याच्या पाच-सहा मिनिटांच्या लोडिंगवर उपाय म्हणून वेगवान ड्राइव्ह सुचवत होते. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर एका प्रोग्रॅमरने गेमचं चालतं कोड तपासून कारण जाहीर केलं. गेममधल्या खरेदीच्या वस्तूंची सुमारे १० एमबीची, ६३ हजारांच्या आसपास नोंदींची एक जेसन फाइल होती. ती वाचताना प्रत्येक नोंदीसाठी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी नव्याने मोजली जात होती. शिवाय प्रत्येक नवी नोंद आधी आली आहे का, हे बघायला आधीच्या साऱ्या नोंदी एकामागून एक तपासल्या जात होत्या. या दोन चुका दुरुस्त केल्यावर त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. मार्च २०२१ मध्ये रॉकस्टारने अधिकृत अपडेटमध्ये ही दुरुस्ती घेतली. १० एमबी वाचायला साटा एसएसडीला एका सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. बाकीची चार मिनिटं एक थ्रेड मोजदाद करत बसला होता.

गरम वेळही जास्त आहे, आता काय?

आधी एक थ्रेड पूर्ण भरलाय का ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये एकूण प्रोसेसर वापर १५ टक्के दिसतो म्हणून लोक प्रोसेसरला मोकळा समजतात, आणि इथेच बहुतेकांची दिशा चुकते. सहा कोअर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल तर एकूण वापर जेमतेम ८.३ टक्के दिसतो. प्रत्येक कोअरचा आलेख उघडला तरी नीट कळत नाही, कारण विंडोज तो थ्रेड सतत एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते. मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस एक्सप्लोरर घ्या, प्रशासक म्हणून चालवा, गेमच्या प्रोसेसवर दोनदा क्लिक करून ‘Threads’ टॅब उघडा. लोडिंग चालू असताना सगळ्यात वरचा थ्रेड सतत ८.३ च्या आसपास चिकटून राहिला, तर अडथळा सापडला. आठ कोअर, सोळा थ्रेडवर हाच आकडा ६.२५ असेल. ऑनलाइन गेमची फसवणूकविरोधी प्रणाली असं डोकावू देत नाही, म्हणून हे एकट्याने खेळायच्या गेमवर तपासा.

अडथळा असा सापडला तर उपाय मर्यादित आहेत. प्रत्येक थ्रेडला जास्त वेग देणारा नवा प्रोसेसर हा खरा उपाय. एएम४ मदरबोर्डावर पहिल्या-दुसऱ्या पिढीचा रायझन असेल आणि बोर्डाच्या बायोस अपडेटमध्ये आधार असेल, तर ५६०० सारखा प्रोसेसर बसवल्याने ड्राइव्ह बदलण्यापेक्षा जास्त सेकंद वाचतात. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी जोडून दोन चॅनल करा, आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, बंद राहिली असेल तर चालू करा. ३२०० ची रॅम २१३३ वर चालत असलेले संगणक भरपूर आहेत.

काही गेममध्ये लोडिंगचा वेग फ्रेमच्या वेगाला बांधलेला असतो. फॉलआउट ४ मध्ये हे ठळक दिसतं. फ्रेम ६० वर रोखून ठेवल्या की लोडिंगही त्याच तालावर चालतं. म्हणूनच लोडिंगपुरती ही मर्यादा उठवणारे मॉड निघाले. गेमभर मर्यादा काढून टाकू नका, त्या इंजिनात भौतिकशास्त्रही फ्रेमलाच बांधलेलं आहे आणि वस्तू उडायला लागतात.

अँटीव्हायरसही तपासा. हजारो सुट्या फाइली असलेल्या गेममध्ये, विशेषतः भरपूर मॉड टाकलेल्यांमध्ये, प्रत्येक फाइल उघडताना होणारी तपासणी जाणवते. टास्क मॅनेजरमध्ये लोडिंगच्या वेळी ‘Antimalware Service Executable’ वर चढत असेल तर गेमचं फोल्डर तपासणीतून वगळून पुन्हा मोजा. फक्त अधिकृत दुकानातून घेतलेल्या गेमसाठीच हे करा, आणि संपूर्ण ड्राइव्ह कधीही वगळू नका. अनेक खेळाडूंच्या सामन्यात तर शेवटचा खेळाडू येईपर्यंत सगळेच थांबतात, तिथे स्वतःच्या ड्राइव्हला दोष देण्यात अर्थ नाही.

थंड वेळच फार जास्त आहे

आता डिस्कचा संशय रास्त आहे. आधी ती खरोखर कोणत्या मार्गाने जोडली आहे ते बघा. पॉवरशेलमध्ये एवढं पुरतं:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, MediaType, BusType
```

‘BusType’ खाली ‘NVMe’ यायला हवं. तिथे ‘SATA’ दिसलं, तर तुम्ही घेतलेली ड्राइव्ह एम.२ आकाराची साटा ड्राइव्ह आहे. एम.२ हे फक्त आकाराचं आणि सॉकेटचं नाव आहे, वेगाचं नव्हे. लॅमिंग्टन रोडला काय किंवा ऑनलाइन काय, नुसतं ‘एम.२ एसएसडी’ म्हणून मागितलं की दोन्हींपैकी काहीही हातात पडू शकतं. जोडणीच्या कडेला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा असते, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. खात्री मात्र लेबल वाचूनच करावी. ‘RAID’ असं दिसलं तर घाबरू नका, इंटेलच्या काही लॅपटॉपांत व्हीएमडी ही ड्राइव्ह सांभाळणारी सोय चालू असल्याने एनव्हीएमईच तशी दिसते.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ‘Transfer Mode’ बघा. तिथे दोन मूल्यं असतात, डावीकडे सध्याचं आणि उजवीकडे ड्राइव्हची कमाल मर्यादा. `PCIe 3.0 x4 | PCIe 4.0 x4` असं दिसलं तर ड्राइव्ह चौथ्या पिढीची आहे, पण संगणक तिसऱ्या पिढीचा मार्ग देतोय. रायझन ५६००जी किंवा ५५०० असेल तर हे असंच राहणार, कारण ते प्रोसेसरच पीसीआय एक्सप्रेस ३.० चे आहेत, बोर्ड बी५५० असला तरी. गेमच्या लोडिंगला याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, बदलायच्या मागे लागू नका. ‘x4’ च्या जागी ‘x1’ दिसलं तर मात्र ड्राइव्ह काढून नीट बसवा, किंवा बोर्डाच्या पुस्तिकेत त्या स्लॉटला किती लेन आहेत ते वाचा. बी४५० च्या बऱ्याच बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट पहिल्यापेक्षा हळू असतो, आणि तो वापरला की काही साटा पोर्टही बंद पडतात. इंटेलच्या ५०० मालिकेच्या बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट चालतच नाही. तिथे ड्राइव्ह दिसत नाही म्हणून ती परत करणारे लोक आहेत. दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली की दिसते.

साटा ड्राइव्हसाठी त्याच ठिकाणी ‘SATA/300 | SATA/600’ दिसलं तर पोर्ट निम्म्या वेगाचं आहे. जुन्या बोर्डांवर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि बाकीचे ३ चे असतात. केबल योग्य पोर्टात लावली की काम झालं, नवी ड्राइव्ह घ्यायची गरजच उरत नाही. आणि आणखी एक: ड्राइव्ह ९५ टक्के भरली असेल तर आधी पंधरा-वीस टक्के रिकामी करा आणि पुन्हा मोजा, विशेषतः एका पेशीत चार बिट साठवणारी स्वस्त क्यूएलसी ड्राइव्ह असेल तर.

एनव्हीएमई खरंच जिंकते ते गेम

मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये पीसीसाठी डायरेक्टस्टोरेज आणलं. त्यात गेम एकदम शेकडो मागण्या पाठवू शकतो, आणि त्याच वर्षी आलेल्या १.१ आवृत्तीपासून उलगडण्याचं कामही ग्राफिक्स कार्डाकडे देता येतं. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही अडथळे निघतात. जानेवारी २०२३ चा फोरस्पोकन हा डायरेक्टस्टोरेज वापरणारा पहिला पीसी गेम. त्याच्या निर्मात्यांनी दाखवलेल्या एका दृश्यात हार्ड डिस्कला वीसहून अधिक सेकंद, साटा एसएसडीला चारच्या आसपास आणि एनव्हीएमईला दोनच्या आसपास लागत होते. प्रमाण बघितलं तर एनव्हीएमई दुप्पट वेगवान, घड्याळ बघितलं तर दोन सेकंदांचा फायदा. जुलै २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टमध्ये मुद्दा निराळा आहे. तिथे खेळता खेळता एका जगातून दुसऱ्यात उडी मारली जाते, लोडिंग स्क्रीन नसतेच. माल वेळेत पोहोचला नाही तर झटका बसतो किंवा चित्रं उशिरा उमटतात. अशा गेमसाठी एनव्हीएमई घेणं योग्यच.

विंडोज ११ वर गेमची ड्राइव्ह या वेगवान मार्गाला पात्र आहे का ते असं कळतं, डी च्या जागी तुमचं अक्षर टाका:

```
fsutil bypassIo state D:\
```

उत्तरात अडथळा आणणाऱ्या ड्रायव्हरचं नाव आलं तर तो बहुधा अँटीव्हायरसचा किंवा एन्क्रिप्शनचा असतो. त्यामुळे गेम अडत नाही, फक्त नेहमीच्या लांबच्या मार्गाने वाचतो.

खरेदीबद्दल आमचं मत असं. नवा संगणक असेल किंवा मोकळा एम.२ स्लॉट असेल तर एनव्हीएमईच घ्या, वेगासाठी कमी आणि केबल वाचते, साटा पोर्ट मोकळं राहतं म्हणून जास्त. चौथ्या पिढीची ५०० जीबी आणि तिसऱ्या पिढीची १ टीबी यांत निवड असेल तर मोठी घ्या, कारण अर्धे गेम हार्ड डिस्कवर ठेवावे लागले तर तिथे जाणारा वेळ पिढीच्या फरकातून कधीच भरून निघत नाही. साटा एसएसडी आधीपासून असेल आणि चाचणीत थंड-गरम फरक पाच सेकंदांच्या आत आला, तर ती काढू नका. आणि बोर्ड इतका जुना असेल की एम.२ स्लॉटच नाही, तर मोकळ्या चार लेनच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये साध्या अडॅप्टरवर एनव्हीएमई लावता येते. अशा बोर्डाचं बायोस बहुधा तिच्यावरून विंडोज सुरू करू देत नाही, पण विंडोज साटावर ठेवून गेम तिच्यावर टाकायला काहीच हरकत नाही.